सोसायटीच्या खरेदी वहीचा तक्ता करताना बेरीज का जुळत नाही

प्रश्न: आमच्या गावच्या सोसायटीत १९५८ पासून १९९४ पर्यंतच्या धान्यखरेदीच्या हातानं लिहिलेल्या वह्या आहेत. त्यांतून तारीख, पीक, माल किती आणि दर काय असा तक्ता करायला घेतलाय. महिनाभर टाइप केलं, पण पानाची बेरीज वहीशी जुळत नाही. सचिव चुकले असतील का माझं चुकतंय? कुठून सुरुवात करू?

उत्तर: आधी तुमच्यासमोर कोणती वही आहे ते बघा. सोसायटीत एकच व्यवहार दोनतीन ठिकाणी लिहिलेला असतो. माल काट्यावर आला की खरेदी वहीत, पैसे दिले की रोजकीर्दीत, आणि मग सभासदाच्या खात्यावर खतावणीत. नवख्या माणसाला खतावणी आवडते, कारण ती नीटनेटकी असते, एका माणसाचं सगळं एका पानावर मिळतं. पण तुमच्या तक्त्याच्या कामाची वही ती नाही. खतावणीत बऱ्याचदा फक्त "माल जमा" आणि रक्कम एवढंच असतं, वजन आणि दर काट्याजवळच्या वहीतच राहतात. दोन्ही वह्यांतून ओळी घेतल्या तर माल दुप्पट होतो. तेव्हा खरेदी वही हाच पाया धरा. रोजकीर्द आणि खतावणी फक्त शंका आली तर उघडायच्या.

मी बावीस वर्षं गटसचिव होतो आणि निवृत्त झाल्यावर तीन सोसायट्यांच्या अशा वह्या उतरवून दिल्या. सचिव लोक बेरजेत फारसे चुकत नाहीत. लेखापरीक्षक येऊन लाल शाईनं खूण करून जायचे, त्यामुळे बेरीज दोनदा तपासलेली असते. चूक बहुतेक वेळा आपल्या वाचण्यात असते, आणि ती कुठे असते ते एका पानावर दाखवतो.

हे पान १९८३ च्या नोव्हेंबरमधलं समजा, सोयीसाठी पान ४७. पहिली ओळ: हायब्रीड, १६ पोती, वजन १५-८, दर १३८, आणि शेवटी रक्कम २०८१-०४. आता १५-८ म्हणजे किती? दशांश चिन्हाची सवय असलेला माणूस १५.८ क्विंटल टाइप करतो. पण सचिवाच्या लेखी ती आडवी रेघ दशांश चिन्ह नाही, ती क्विंटल आणि किलो वेगळे करणारी रेघ आहे. १५-८ म्हणजे पंधरा क्विंटल आठ किलो, म्हणजे १५.०८. पंधरा क्विंटल ऐंशी किलो असतं तर तो १५-८० लिहिता. पोत्यांवरून याचा निकाल लागत नाही, कारण १६ पोती धरली तर एक अर्थ पोत्याला ९४ किलो देतो आणि दुसरा ९९, आणि दोन्ही खपून जातात. निकाल रकमेनं लागतो: १५.०८ गुणिले १३८ बरोबर २०८१.०४, वहीतली रक्कम हीच. १५.८ धरलं तर २१८०.४० येतात. हे दोन आकडे एकमेकांचे भाऊ वाटतात, आणि घाईत टाइप करताना रक्कमसुद्धा नकळत २१८०-४० वाचली जाते. मग ओळ स्वतःशी जुळते आणि चूक पानाच्या तळाशी जाऊन बसते. तुमच्या बेरजा न जुळण्याचं पहिलं कारण बहुधा हेच असणार.

दुसरी ओळ: मूग, ४ पोती, ३-४२-५००, दर ३४५, रक्कम ११८१-६५. तीन भाग असतील तर तिसरा ग्रॅम. वजन ३.४२५ क्विंटल, गुणाकार ११८१.६३ येतो आणि वहीत दोन पैसे जास्त आहेत. अशी तफावत दिसली की दचकू नका, सचिवानं पाच पैशांत गोल केलंय. पण गोल करण्याची पद्धत माणसागणिक बदलते, आणि सचिव बदलला की बदलते. म्हणून आधी पन्नासेक ओळी तपासून त्या वहीचा रिवाज ठरवा, मग किती पैशांचा फरक चालवून घ्यायचा ते ठरवा.

तिसऱ्या ओळीत पिकाच्या जागी "सदर" आणि दराच्या जागी दोन ठिपके. वजन २-९६, रक्कम १०३०-०८. सदर म्हणजे वरचंच, म्हणून पीक मूग आणि दर ३४५ असं आपण धरतो. पण २.९६ गुणिले ३४५ होतात १०२१.२०. रकमेला वजनानं भागलं तर दर ३४८ निघतो, अगदी पूर्ण. म्हणजे हे दोन ठिपके दराबद्दल खोटं सांगतात: माल जरा स्वच्छ निघाला असेल, तीन रुपये जादा दिले गेले, आणि लिहिणाऱ्यानं हात न थांबवता ठिपके दिले. असा निघालेला दर लिहा, पण तो वहीतला नाही, आपण काढलेला आहे, अशी खूण पुढे ठेवा. काढलेला दर आणि लिहिलेला दर एकाच रांगेत बिनखुणेचे मिसळले की पाच वर्षांनी तुम्हालाही सांगता येणार नाही कुठला कुठला. भागाकार पूर्ण निघाला नाही, म्हणजे ३४७.६१ असलं काही आलं, तर दर काढू नका. वजन किंवा रक्कम चुकीची वाचलेली आहे, परत पान बघा.

चौथी ओळ दुसऱ्या दिवसाची: भु. शेंग, २० पोती, ८-२०, खाली बारीक अक्षरात "बा. वजा १६", दर ४१०, रक्कम ३२९६-४०. "बा." म्हणजे बारदान. पोत्याचं वजन ८०० ग्रॅम धरून वीस पोत्यांचे १६ किलो वजा केलेत. ८.०४ गुणिले ४१० बरोबर ३२९६.४०. ही वजाबाकी सोडून दिली तर ३३६२ येतात. काही वह्यांत बारदानाऐवजी "कडता" किंवा "घट" लिहिलेलं सापडेल, म्हणजे माती-काडीकचरा किंवा ओलीबद्दल कापलेलं वजन. तिन्ही एकाच रांगेत टाकायला हरकत नाही, पण कोणतं ते खुणेत लिहा. हमाली, तोलाई मात्र यात आणू नका. ती रकमेतून वजा होतात, वजनातून नाही. शेतकऱ्याला प्रत्यक्ष किती पैसे मिळाले ते तुमच्या तक्त्यात नको आहे, मालाची किंमत हवी आहे.

पानाच्या तळाशी "७५८९-१७ पुढे" आणि पुढच्या पानाच्या माथ्याला "मागील पानावरून ७५८९-१७". ह्या दोन ओळी कधीही तक्त्यात ओळ म्हणून टाइप करू नका. पानाचा क्रमांक आणि बेरीज अशी वेगळी यादी ठेवा, तीच तुमचा काटा. चार रकमा जोडल्या की ७५८९.१७ यायला हव्यात. आता समजा पहिल्या ओळीत १५.८ आणि २१८०.४० टाइप झालंय. बेरीज ७६८८.५३ येते, फरक ९९.३६. हा फरक पैशांत मोडला तर ९९३६, आणि तो नऊनं निःशेष भागतो. जुने मुनीम ही खूण वापरायचे: फरक नऊनं भागला तर बहुतेक अंक मागेपुढे झालेत किंवा सरकलेत. मग ९९.३६ ला पानावरच्या दरांनी भागून बघायचं. १३८ नं भागल्यावर ०.७२ येतं, म्हणजे नेमके पूर्ण किलो, बाकीच्या दरांनी पूर्ण किलो येत नाहीत. म्हणजे हायब्रीडच्या ओळीत ७२ किलोचा घोळ. पान न उलटता चूक सापडते.

तक्ता असा बसतो:

```
पान,ओळ,तारीख,पीक_मूळ,पीक,वजन_मूळ,वजा_किलो,क्विंटल,दर,रक्कम,खूण
47,1,1983-11-14,हायब्रीड,ज्वारी-हायब्रीड,15-8,0,15.08,138,2081.04,
47,2,1983-11-14,मूग,मूग,3-42-500,0,3.425,345,1181.65,
47,3,1983-11-14,सदर,मूग,2-96,0,2.96,348,1030.08,दर काढलेला
47,4,1983-11-15,भु. शेंग,भुईमूग शेंग,8-20,16,8.04,410,3296.40,बारदान वजा
```

"मूळ" रांगेत वहीत जसं आहे तसंच, शुद्धलेखन न सुधारता. शेजारच्या रांगेत आपला अर्थ. हे दुप्पट काम वाटतं, पण दोन वर्षांनी कुणी विचारलं की १५-८ चे १५.०८ कशावरून केलेत, तर दाखवायला तेवढंच असतं. पान आणि ओळ या दोन रांगाही सोडू नका. त्यांच्याशिवाय वहीकडे परत जाता येत नाही.

इथे संगणक स्वतः एक खोडी काढतो. एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये 15-8 टाइप केलं की ते त्याला पंधरा ऑगस्ट वाटतं, आणि 2-96 म्हणजे फेब्रुवारी १९९६. तुम्ही एकदा एंटर दाबलात की मूळ मजकूर गेला. म्हणून एकही आकडा टाइप करण्याआधी F रांग निवडून तिचं रूप साधा मजकूर करा, गूगल शीटमध्ये Format, Number, Plain text. मग क्विंटलची रांग हातानं न भरता सूत्रानं भरली तर किलो-दशांशाची चूक होतच नाही:

```
=INDEX(SPLIT(F2,"-"),1,1)+IFERROR(INDEX(SPLIT(F2,"-"),1,2),0)/100+IFERROR(INDEX(SPLIT(F2,"-"),1,3),0)/100000-G2/100
```

हे गूगल शीटसाठी आहे. पुढे तपासणीची एक रांग:

```
=ROUND(H2*I2,2)-J2
```

तिथं शून्य किंवा दोनचार पैसे आले तर ओळ पुढे सरकवा. मोठा आकडा आला तर ओळ रंगवून ठेवा आणि दिवसाच्या शेवटी सगळ्या रंगीत ओळी एकत्र बघा. प्रत्येक चुकीला थांबत गेलात तर लय जाते आणि नव्या चुका होतात. आकडे इंग्रजीतच टाइप करा. देवनागरी १३८ टाइप केलं तर शीट त्याला संख्या मानेलच असं नाही. कुठलाही खाना संख्या आहे का हे =ISNUMBER(I2) सांगतं.

हस्ताक्षराबद्दल एकच गोष्ट सांगतो, ती सगळ्यांत जास्त फसवते. ऐंशीच्या दशकातले सचिव एकाच पानावर मराठी आणि इंग्रजी आकडे मिसळून लिहायचे. आमच्या एका जुन्या सचिवांचा रिवाज असा की वजन मराठीत आणि दर इंग्रजीत, पण घाई असली की उलटंही. मराठी ४ घाईत लिहिलं की इंग्रजी 8 होतं, मराठी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो, मराठी ५ इंग्रजी 4 च्या जवळ जातो. अशा जागी एका आकड्यावर डोळे लावून बसू नका. त्याच माणसाच्या त्याच पानावर जिथे अर्थ नक्की आहे, म्हणजे तारखेत आणि तळाच्या बेरजेत, तिथे तो चार आणि आठ कसे काढतो ते बघा. ही नमुन्याची चिठ्ठी करून वहीशेजारी ठेवा. माझ्याकडे प्रत्येक सचिवामागे एक चिठ्ठी असायची.

तारखेत वर्ष बहुतेक ओळींना नसतं. वहीच्या पहिल्या पानावर "सन १९८३-८४" एवढंच, आत १४/११, ३/२, ९/५. इथे लक्षात ठेवा की पूर्वी सहकारी वर्ष ३० जूनला संपायचं, ३१ मार्च नंतर आला. म्हणजे जुन्या वहीत सन १९८३-८४ मधला ९/५ हा १९८४ चा मे. आजच्या सवयीनं एप्रिलला वर्ष सुरू धरलं तर एप्रिल, मे, जूनच्या सगळ्या नोंदी एक वर्ष मागे जाऊन पडतात, आणि उन्हाळी भुईमूग चुकीच्या वर्षात दिसतो. वहीची पहिली आणि शेवटची नोंद कोणत्या महिन्यात आहे ते बघून वर्ष ठरवा. वर्ष-महिना-दिवस असंच लिहा, कारण 03/02/1984 हा तीन फेब्रुवारी की दोन मार्च हे शीटच्या मांडणीवर अवलंबून राहतं.

पिकांच्या नावांत फार साफसफाई करू नका. हायब्रीड, शाळू आणि दगडी ही तिन्ही ज्वारी, पण शाळू रब्बीचा, हायब्रीड खरिपाची, आणि भाव वेगळे. तिन्ही एका "ज्वारी" खाली टाकली की तुमच्या दराच्या रांगेला अर्थ उरत नाही. ओल्या आणि वाळल्या शेंगा, सरकी आणि कापूस यांचंही तसंच. उलट "भु. शेंग", "भुई. शें.", "शेंग" हे एकच असू शकतं, ते दरावरून आणि पोत्यामागे वजनावरून कळतं. हंगामाचाही उपयोग होतो: मराठवाड्यात नवी तूर डिसेंबर-जानेवारीच्या आत येत नाही, त्यामुळे सप्टेंबरमध्ये भरमसाट तूर दिसली तर महिना किंवा पीक परत वाचा. थोडी असेल तर कुणी साठवलेली आणली असेल, ती राहू द्या.

दर कशाचा, हेही एकदा तपासा. धान्याला क्विंटल आहे, पण कडबा शेकडा पेंढ्यांवर जायचा, आणि काही ठिकाणी कांद्याचा दर दहा किलोला लिहिलेला असतो. गुणाकाराची तपासणी इथे आपोआप सांगते: बरोबर दहापट फरक आला की एकक वेगळं आहे, वाचन बरोबर आहे. अशा पिकांसाठी "दर कशाला" अशी एक रांग वाढवा. शंभर पेंढ्यांचं वजन काढायच्या भानगडीत पडू नका.

तक्ता बाहेर कुणाला देणार असाल तर सभासदांची नावं न घालता खाते क्रमांकच ठेवा. कर्जवसुलीच्या नोंदी याच वहीत मधे मधे असतात, आणि त्या लोकांची मुलं-नातवंडं गावातच आहेत.

राहिल्या १९५८ ते १९६२ च्या वह्या, त्या शेवटी घ्या. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पण सचिवांच्या हाताला आणे इतके सवयीचे होते की पुढची दोनतीन वर्षं दोन्ही पद्धती सापडतात. १६।। म्हणजे साडेसोळा रुपये, एक उभी रेघ पाव रुपया म्हणजे चार आणे, तीन रेघा पाऊण म्हणजे बारा आणे. आडव्या रेघा एकेका आण्याच्या. आणा म्हणजे सव्वासहा पैसे, तेव्हा दशांशात आणताना १६ नं भागा आणि मूळ खूण "मूळ" रांगेत तशीच ठेवा. त्या उभ्या रेघांना इंग्रजी एक समजून १६।। चे १६११ करणारे मी दोघं पाहिलेत.

वजनात मण, शेर, पल्ला. इथे इंटरनेटवरचं कोष्टक उचलून गुणू नका. सरकारी मण चाळीस शेरांचा, म्हणजे ३७.३२ किलो, पण मुंबईचा मण याच्या सुमारे एक तृतीयांश होता, आणि खेड्यात पायलीनं मापलेला माल मणात लिहिला जायचा, ज्याचं वजन पिकागणिक बदलतं. पल्ल्याचंही तेच. तुमच्या सोसायटीचा मण कोणता ते तिच्याच कागदांत शोधायचं. मेट्रिक वजनं लागू झाली तेव्हा शिल्लक मालाच्या वहीत जुनी शिल्लक नव्या मापात नेलेली असते. मला एका वहीत "ज्वारी शि. ४२ मण = १५ क्विं. ६८ कि." अशी एकच ओळ मिळाली. १५६८ भागिले ४२ म्हणजे ३७.३३, म्हणजे ती सोसायटी सरकारी मण वापरत होती, आणि तेवढ्या एका ओळीवर मागची चार वर्षं क्विंटलमध्ये नेता आली. दुसऱ्या सोसायटीत अशी ओळ सापडलीच नाही. तिथे मी वजन मणातच ठेवलं, दर मणाचाच ठेवला, आणि क्विंटलची रांग रिकामी सोडली.